आराखड्याची नोंद: तीन अंक की सुटे प्रसंग?

कादंबरीच्या पहिल्या मसुद्याचं माप 60,000 शब्द धरलंय. बीज असं: जुनी इमारत पाडायची ठरलीय, वर्षभरात बिऱ्हाडं एकेक करून निघणार, आणि हे सगळं राखणदाराच्या नजरेतून. बारा प्रकरणं, प्रत्येकात एक बिऱ्हाड.

आधी तीन अंकांत बसवून पाहिलं. ढोबळ वाटणी 15,000, 30,000 आणि 15,000 शब्दांची. पहिल्या अंकाच्या शेवटी राखणदार खोली सोडायला नकार देतो, मध्यावर मालक त्यालाच फितवू पाहतो, 45,000च्या आसपास त्याच्या बाजूचा शेवटचा माणूसही निघून जातो. कागदावर झकास. पण मधले 30,000 शब्द एकट्या त्याच्या हट्टावर ओढायचे, आणि ज्यांच्यासाठी कादंबरी लिहायची ती बिऱ्हाडं नुसते अडथळे होऊन बसतात.

मग कार्डं मांडली. एका कार्डावर एक प्रकरण, दोन ओळींत. लागोपाठच्या दोन कार्डांमध्ये ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘मग’ यांतला खरा बसणारा शब्द लिहायचा. इथे लबाडी केली तर चाचणी फुकट. अकरा जोडांपैकी आठ ठिकाणी ‘मग’ आला, म्हणजे एकातून दुसरं घडत नाही, नुसतं नंतर येतं. चौथं आणि सातवं कार्ड अदलाबदल केलं तरी काही बिघडलं नाही. म्हणजे कथेचा मूळ पिंडच प्रसंगांचा आहे. त्यावर तीन अंक लादले की ओढूनताणून आणलेले योगायोग सुरू होतात.

मात्र सुट्या प्रसंगांचा धोका ठरलेला: पाचव्या-सहाव्या प्रकरणाशी वाचक थांबतो. प्रकरण आवडलं म्हणतो, पण पुढचं मागत नाही. कारण काही साठतच नाही. यावर प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ वाढवली: ‘यानंतर कायमचं काय बदललं?’

चौथ्या प्रकरणात शिंपी निघताना खोलीची किल्ली राखणदाराकडे ठेवतो. सातव्यात राखणदार त्याच रिकाम्या खोलीत झोपायला लागतो. नवव्यात उरलेल्यांना ते कळतं, आणि त्यानेच लोकांना हुसकावलं असा संशय येतो. आता चार आणि सात हलवता येत नाहीत. संघर्ष पेटलाय, तोही कुठला अंक न आखता.

सगळीच प्रकरणं अशी बांधू नयेत, नाहीतर पुन्हा तीन अंकच होतील. एक, चार, सात, नऊ आणि बारा पक्की ठेवली. बाकीची सात मोकळी.

मोकळ्या प्रकरणांत एक चूक हमखास होते. क्रम बदलला की निघून गेलेलं माणूस जिन्यात पुन्हा भेटतं. त्यासाठी वेगळा तक्ता: आडवी प्रकरणं, उभी बिऱ्हाडं, आणि कोण आहे त्या चौकटीत खूण. कार्ड हललं की आधी तक्ता दुरुस्त, मगच मजकूर. पुढचं काम चौथ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा, साधारण 5,000 शब्द.