जेवणाआधीची सुई

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये कुणाला उलट्या सुरू झाल्या की निदान घरातच होऊन जातं: ऊन लागलं. पारा चाळिशीपार असतो, त्यामुळे बहुतेक वेळा ते खरंही असतं. या मुलीच्या घरच्यांनीही तेच धरलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोट इतकं दुखायला लागलं की अपेंडिक्स असेल म्हणून तिला आमच्याकडे आणलं. मी फिजिशियन आहे. मला बोलावलं ते ऑपरेशनआधीच्या फिटनेससाठी.

वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष, अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पोटाला हात लावायच्या आधी मी तिचा श्वास बघत उभी राहिले. खोल, जोरात, एका लयीत चाललेला. स्टेथोस्कोप लावला तर छाती एकदम स्वच्छ. फुप्फुसं ठीक असताना कुणी असा श्वास घेत असेल, तर रक्तात आम्ल साचलंय आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतंय. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास होता. शुगर 412, लघवीत कीटोन भरपूर, रक्ताचा पीएच 7.08. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यानं चरबी जळून कीटोन ही आम्लं रक्तात साचणं. त्यात पोट अपेंडिक्ससारखंच दुखू शकतं. सर्जननी लगेच ऑपरेशन थांबवलं, याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत.

सलाईन जोरात सुरू झालं. आमच्या निवासी डॉक्टरनं इन्सुलिनचा पंप भरून आणला. मी म्हटलं, थांब, पोटॅशियम येऊ दे. ते आलं 2.9. शुगर कित्येक महिने लघवीतून वाहत असली की तिच्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं, वर उलट्यांची भर. इन्सुलिन दिलं की रक्तात उरलेलं पोटॅशियम पेशींमध्ये शिरतं. साडेतीनच्या खाली असताना ते दिलं तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. म्हणून आधी मॉनिटरवर डोळा ठेवून शिरेतून हळूहळू पोटॅशियम द्यायचं, आणि तोवर ज्या औषधाअभावी ती मरायला टेकली आहे ते हातात धरून बसायचं. बाहेर मामा ओरडत होते, "शुगर चारशेच्या वर हाय म्हणता, मग इन्सुलिन का देईनात?" त्यांचा प्रश्न बरोबरच होता. मध्यरात्रीनंतर पोटॅशियम 3.6 झालं, मग पंप सुरू केला.

पहाटे जरा उसंत मिळाली तेव्हा वडिलांना विचारलं, घरी इन्सुलिन नीट चालू होतं का? ते युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करतात. "घेती की मॅडम रोज. आम्ही कधी कमी पडू दिलं नाही." आणि त्यांनी मेडिकलच्या बिलांची पिशवीच पुढं केली. सगळी बिलं तारखेनं लावलेली.

ती बिलं मी बसून वाचली. तिला दोन पेनं होती. एक रात्रीच्या लांब असराच्या इन्सुलिनचं, 18 युनिट. दुसरं जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनचं, तीन वेळचं मिळून 22 युनिट. एका कार्ट्रिजमध्ये 300 युनिट असतात. म्हणजे रात्रीचं कार्ट्रिज साधारण सोळा दिवसांत संपतं, जेवणाचं तेरा-चौदा दिवसांत. रात्रीच्या कार्ट्रिजची बिलं बरोबर हिशेबात बसत होती. जेवणाच्या कार्ट्रिजचं मात्र चार महिन्यांत एकच बिल. याआधीही एकदा तिला हाच त्रास झाला होता, तेव्हा ती दुसऱ्या एका दवाखान्यात होती. तिथल्या डिस्चार्ज कार्डावर कारण लिहिलंय 'जंतुसंसर्ग'. कसला संसर्ग, ते नाही. वारंवार कीटोअ‍ॅसिडोसिस होणाऱ्या तरुण मुलीला डोस घेतेस का हे एकांतात न विचारता असं कारण लिहून मोकळं होणं मला माफ करता येत नाही.

सकाळी घरच्यांना चहाला पाठवलं. "घेतेस ना?" असं विचारलं की उत्तर "हो"च येतं. मी विचारलं, "डोस सगळ्यांचेच चुकतात, बाळा. तुझा कुठला जास्त चुकतो?" ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुपारचा. मग सगळेच जेवणाचे. सुईनं मी फुगते, मॅडम. सोडल्यावर सगळे म्हणायला लागले, किती छान बारीक झालीस. रात्रीची घेते ना, म्हणून काही होत नाही असं वाटायचं."

खरा धोका त्या 'काही होत नाही'तच आहे. इन्सुलिन नसेल तर जेवलेली साखर पेशीत जात नाही, लघवीतून निघून जाते. शरीर उपाशीच राहतं आणि स्वतःची चरबी आणि स्नायू जाळतं. काट्यावर जे कमी दिसतं त्यात पाणी आणि मांस बरंच असतं. अर्ध्या इन्सुलिनवर माणूस महिनोन्महिने चालता-बोलता राहतो, कॉलेजला जातो. पण हाताशी काहीच शिल्लक नसते. साधा ताप, जुलाब, दोन दिवसांचं ऊन, एवढ्यानं तोल जातो. ऊन लागलं हे तिच्या घरच्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच, फक्त ऊन शेवटचा धक्का होता. दुसरं नुकसान तर दुखतही नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं तिचं एचबीए1सी 13.4 होतं, म्हणजे खूपच जास्त. नेत्रतज्ज्ञांना पडद्यावर रक्तस्रावाचे बारीक ठिपके दिसले. तिला दिसायला मात्र सगळं स्वच्छ. बोस्टनला टाइप वनच्या महिलांचा 11 वर्षं मागोवा घेतला गेला, त्यात इन्सुलिन कमी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका तिपटीच्या आसपास निघाला.

हे वाचणाऱ्या टाइप वनच्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईबापांना इथून पुढचं विशेष सांगायचंय. डोस पुन्हा नीट सुरू झाले की पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. पाय सुजतात, चेहरा भरतो. तिचं वजन आठवड्यात चार किलोनं वाढलं. पैंजण रुतायला लागलं तसं ते काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बघा, मी सांगितलं होतं." बरेच जण नेमके इथंच पुन्हा सुई सोडतात. ही सूज चरबीची नसते, बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. पण आधी सांगून ठेवलेलं नसेल तर कुणी का विश्वास ठेवावा? शिवाय शुगर झपाट्यानं खाली आणली तर डोळ्याचा पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो, पायाच्या नसांत जळजळीची असह्य वेदना सुरू होऊ शकते. म्हणून तिचे जेवणाचे डोस मी टप्प्याटप्प्यानं वाढवले. "महिन्यात शुगर नॉर्मल करा" असा धोशा नातेवाइकांनी लावला होता, तो मी ऐकला नाही.

वजन आता नर्स घेते, आकडा तिला दाखवत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला आईचा विरोध होता, "येडी हाय का ती?" म्हणून. वडील घेऊन गेले.

एका गोष्टीवर मात्र माझं अजून ठरत नाही. डिस्चार्ज कार्डावर खरं कारण लिहू नका, अशी तिनं विनवणी केली होती. स्थळं येतायत, फाइल कुणाच्याही हातात पडेल. ती सज्ञान आहे, तिचं म्हणणं मी टाळू शकत नाही. पण पुढच्या वेळी ती रात्री दोनला भलत्याच दवाखान्यात पोचली, तर तिथल्या डॉक्टरला हे कळायलाच हवं. शेवटी तिच्याशी बोलून 'इन्सुलिनचे डोस चुकल्यामुळे' एवढंच लिहिलं. का चुकले, ते मी वेगळ्या पत्रात लिहून दिलं. ते पत्र तिच्याजवळ आहे. ती ते कुणाला दाखवेल का, मला माहीत नाही.