डबीतलं जिरं आणि फोडणीतलं जिरं

नागपुरात एका बालवाडीत मी मोठ्या शिशुवर्गाला शिकवते. आमच्याकडे दर शुक्रवारी वास ओळखायचा खेळ असतो, डोळे मिटायचे, डबी हुंगायची, नाव सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं पण तयारी बरीच लागते. खाली कापूस आणि तोंडाला मलमल बांधलेल्या सगळ्या डब्या सारख्या हव्यात, नाहीतर मुलं डबी हलवून आवाजावरनं सांगतात की ही वेलची आणि हे लवंग, मुलांचे कान फार तिखट असतात. वेलची आयत्या वेळी ठेचायची, अख्ख्या वेलचीला वास येतच नाही म्हटलं तरी चालेल. पूड कधीच नाही, एका जोरदार श्वासात ती नाकात जाते आणि मिरी-तिखट तर डबीत घालूच नये. एका वेळी चार-पाच वास खूप झाले, एकच वास सारखा हुंगला की नाकाला तो जाणवेनासा होतो. आणि हिंग सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यानंतर मोगरा दिला तरी पोरं हिंगच म्हणतात. डोळ्यांवर पट्टी मी बांधत नाही, लहान मुलं घाबरतात, नुसते मिटायला सांगते.

तर त्या शुक्रवारी जिरं, धणे, दगडफूल आणि बर्डीच्या फुलबाजारातनं आणलेला मोगरा होता. एक साडेपाच वर्षांचा मुलगा, तसा गप्पच असतो, त्याला मोगऱ्याचंही नाव आलं नाही, "देवाचं" म्हणाला. बाकी तिन्हीला नुसती मान हलवली. आम्हाला शाळेकडनं एक तक्ता भरायला देतात, त्यात बरोबर-चूक एवढंच, आणि खाली "शब्दसंग्रह" म्हणून शेरा. सोबतच्या मॅडम लगेच म्हणाल्या, कमी आहे लिहा. असा शेरा एकदा कागदावर गेला की पुढच्या वर्गाची टीचर त्या पोराला त्याच नजरेनं पाहते, मला हे अजिबात पटत नाही.

म्हणून मी डोळे उघडायला लावून ताटात जिरं, धणे, दगडफूल, बडीशेप मांडली आणि डब्या परत हुंगायला दिल्या, म्हटलं कोणता वास कशाचा ते दाखव. असं केलं की कळतं, नाकाला वास येत नाहीये, का वास येतो पण नाव सुचत नाही. सर्दी असली तर इथंच उघडं पडतं. त्यानं दोन बरोबर दाखवले, जिऱ्याला बडीशेपेवर बोट ठेवलं. (ते दोन्ही दिसायला जवळचे, मोठेही फसतात.)

घरी आल्यावर डोक्यात तेच. या पोरांनी कोरडं कच्चं जिरं हुंगलं असेल तरी कधी? त्यांच्या ओळखीचं जिरं म्हणजे तेलात तडतडलेलं. दगडफुलाचं तर विचारूच नका. कच्चं हुंगलं तर थोडा मातीसारखा, जुन्या लाकडासारखा वास येतो, गरम तेलात पडलं की मगच तो धुरकट खमंग वास सुटतो, ज्याच्यासाठी सावजी मसाल्यात ते घालतात.

पुढच्या शुक्रवारी सकाळी शाळेच्या किचनमध्ये थेंबभर तेलावर जिरं परतलं, दगडफूल वेगळं परतलं, निवलं की झाकण लावून ठेवलं. वर्गात मलमल बांधून नाकापासनं दोन बोटं लांब धरलं. जिरं त्यानं लगेच सांगितलं, "वरणातलं जिरं". आणि दगडफुलाला डोळे मिटूनच हसला, "मॅडम हे तं मोठ्या आईकडचं हाय, मटन करते तेव्हा येते." घर इतवारीतलं, मसाला घरीच भाजतात हे मला आईकडनं नंतर समजलं. मग तो थांबेचना, आधी कांदा भाजते, मग खोबरं, मग हे काळं काळं टाकते. महिनाभरात एवढं बोलला नव्हता.

आता तक्त्यात काय लिहायचं? नाव "दगडफूल" नाही आलं म्हणून चूक? स्टाफरूममध्ये जायफळ फिरवलं तर डोळे मिटून दोघी म्हणाल्या "श्रीखंड", तिसरी म्हणाली माहितीये पण आठवत नाहीये. मोठ्या माणसांनाही ओळखीच्या वासांपैकी साधारण निम्म्यांचीच नावं पटकन येतात, असं मानसशास्त्राच्या प्रयोगांत दिसलंय. मग साडेपाच वर्षांच्या पोरानं "मोठ्या आईकडचं मटन" म्हटलं तर ते कमी कसं? दुसरीकडे हेही खरं की नाव शिकवणं माझं कामच आहे, आणि वास ओळखीचा निघाला तेव्हाच नाव चिकटलं, "दगडफूल" त्यानं त्या दिवशी डबा खाताना शेजारच्याला सांगितलं. कच्च्या डबीवर मी ते आधीच्या आठवड्यात दोनदा सांगितलं होतं, तेव्हा काही राहिलं नव्हतं.

तक्त्यात आणखी एक रकाना मागितला, "मुलानं काय म्हटलं" असा. सध्या नाही म्हणाले, छापून झालेत. तोपर्यंत मी मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहितेय, आणि प्रत्येक मसाल्याच्या दोन डब्या ठेवतेय, एक कच्ची, एक परतलेली.