आजींनी फोडलेली बी

पुण्याच्या एका कुटुंबाला २६ जानेवारीच्या सलग सुट्टीत नाशिकच्या वायनरी पाहायच्या होत्या, एका दिवसात चार. सहली आखणं हा माझा धंदा, तरी मी तारीख बदलायला लावली. २६ आणि ३० जानेवारी दोन्ही ड्राय डे. शिवाय द्राक्षांच्या हंगामाच्या सुरुवातीला इथे मुख्यतः पांढऱ्या वाणांची तोडणी असते. फेब्रुवारीच्या मध्याला पांढरं शेनिन ब्लाँ संपत आलेलं असतं आणि लाल शिराज भरात येतं, म्हणून ते दिवस धरले. वायनरी मात्र दोनच.

आठजणांत तिघं न पिणारे होते: आजी, मोठी सून आणि गाडी चालवणारा धाकटा मुलगा. अशांना सहसा सरबत देऊन बाजूला बसवतात. मला ते पटत नाही. सकाळी सातलाच सगळ्यांना बागेत नेलं, कारण उन्हाने घड तापायच्या आत तोडणी उरकतात.

आजींचं माहेर ओझरचं. शिराजचा मणी तोंडात टाकून त्यांनी बी दाताखाली फोडली.

"तपकिरी झालीय, करकरीत आहे. साल किती जाड रे बाळा! आमच्या मळ्यात भोकरी होती, तिलाही बिया असायच्या."

बागेचे सुपरवायझर थबकले. कच्ची बी हिरवी आणि कडवट असते. तोडणीचा दिवस ठरवताना तेही अशीच बी चावून बघतात. त्यांनी रिफ्रॅक्टोमीटर आजींच्या हाती दिलं. काचेवर रसाचे दोन थेंब टाकून, उजेडाकडे धरून आजींनी आकडा वाचला: २३. म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २३ ग्रॅम साखर.

मग तिघांसाठी शेनिनचा ताजा रस मागून घेतला. तो थेट प्रेसखालचाच हवा. टाकीत आंबायला लागलेला रस गोडच लागतो, पण त्यात अल्कोहोल तयार होऊ लागलेलं असतं.

गडबड झाली टेस्टिंगला. सहा वाइन, प्रत्येकी ३० मिली, म्हणजे १८० मिली. एका ग्लासाहून थोडं जास्त. काकांनी काकूंचेही नमुने संपवले. ३६० मिली, जवळजवळ अर्धी बाटली, तीही सकाळी अकराला आणि पोटात फक्त चहा-बिस्किटं. समोर ठेवलेलं भांडं घोट थुंकण्यासाठी असतं, हे मी सांगायला विसरलो होतो. काकांचा आवाज चढला, पाय जड झाले. दुसरी वायनरी साडेचारवर ढकलली. मध्ये भरपूर पाणी, पिठलं-भाकरी आणि दोन तास झोप.

तिथे चारच नमुने ठेवायला सांगितले. काकांनी ग्लास नुसते हुंगले. शेजारी बसलेल्या सुनेनेही तेच केलं, आणि सोव्हिन्यॉ ब्लाँचा ग्लास नाकाशी नेताच म्हणाली, "काका, पेरू!" टेस्टिंग घेणाऱ्या मुलीने मान डोलावली. पिणाऱ्या पाचांपैकी कुणालाच तो वास सापडला नव्हता.