वॉर्डांचे बारा महिन्यांचे घटना-अहवाल आणि एका पानाची टिपणी

आमच्या दीडशे-पावणेदोनशे खाटांच्या रुग्णालयात क्वालिटीचं काम माझ्याकडे आहे. दर महिन्याला प्रत्येक वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर घटना-अहवाल देतात. ते सगळे एकसारखेच असतात. रुग्ण पडला, डॉक्टरांना कळवलं, इजा नाही, स्टाफला सूचना दिल्या. वर्षाचे अहवाल वाचून रुग्ण पडण्याच्या घटनांवर एक टिपणी करायची होती. त्यात आकडे, त्यांतून काय दिसतं आणि कुठे लक्ष द्यायचं, एवढंच हवं होतं.

आधी 'पडणे' म्हणजे काय ते लिहून ठेवलं: रुग्ण नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर आला, की ते पडणं, इजा झाली नसली तरी, सिस्टरने धरून हळूच खाली बसवलं असलं तरीही. मग नुसता प्रकाराचा रकाना न पाहता मजकूर वाचत गेले. रकान्यात 'पडणे' असलेले 31 अहवाल होते. 'इतर'मध्ये मात्र 'बाथरूममध्ये चक्कर येऊन बसले', 'खुर्चीवरून घसरल्या' असे आणखी 9 निघाले. उलट, आयपी नंबर आणि घटनेची तारीख जुळवल्यावर 4 अहवाल दुहेरी ठरले. तीच घटना वॉर्डाने कळवली होती आणि फिजिओथेरपी विभागानेही. उरल्या 36 घटना. महिना घटनेच्या तारखेवरून धरला, कारण 30 तारखेच्या रात्रीचा अहवाल बरेचदा पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्यात येतो.

सप्टेंबरात 5 घटना होत्या आणि फेब्रुवारीत 3. बैठकीत अशा वेळी सप्टेंबरची चौकशी सुरू होते. पण सप्टेंबरात तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरलेले होते. रुग्ण-दिवस, म्हणजे रोज मध्यरात्री दाखल असलेल्या रुग्णांची बेरीज, 4,500 भरली. फेब्रुवारीत ती 2,600 होती. हजार रुग्ण-दिवसांमागे सप्टेंबरात 1.11 घटना आणि फेब्रुवारीत 1.15. बारा महिन्यांचे दर आलेखावर मांडून मध्यकाची रेघ ओढली. सलग सहा बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले, तर काहीतरी बदललंय असं मानतात. तसं कुठेच नव्हतं. म्हणून 'वाढ किंवा घट झाली असं म्हणता येत नाही' हे वाक्य टिपणीत सर्वात वर घातलं. साहेबांना ते फिकं वाटलं, पण खरं तेच होतं.

खरी गोष्ट घटनेच्या वेळेत होती. 5 अहवालांत वेळच लिहिलेली नव्हती. उरलेल्या 31 पैकी 14 घटना पहाटे 4 ते 7 मधल्या होत्या. दिवसभर सारख्याच पसरल्या असत्या, तर त्या तीन तासांत चारेक आल्या असत्या. हे 14 अहवाल पुन्हा सावकाश वाचले. त्यांतले 11 रुग्ण शौचालयाकडे निघाले होते किंवा तिथून परतत होते. बऱ्याच ठिकाणी जवळपास तेच शब्द होते: नातेवाईक खाली चटईवर झोपले होते, त्यांना उठवलं नाही. बेलचा उल्लेख मोजक्याच अहवालांत होता. पण उल्लेख नाही म्हणजे बेल हाताशी होती असा अर्थ काढता येत नाही, त्यामुळे त्यावर आकडा दिला नाही. त्या वेळी रात्रपाळीच्या सिस्टर रक्ताचे नमुने आणि स्पंजिंगमध्ये अडकलेल्या असतात, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

या 11 जणांच्या केसपेपरवरून आणखी एक दिसलं. पडण्याच्या धोक्याचा मॉर्स स्कोअर दाखल करताना भरलेला होता, पण शस्त्रक्रियेनंतर किंवा लघवी वाढवणारं औषध सुरू झाल्यावर बहुतेकांचा पुन्हा काढलेला नव्हता.

बैठकीत पहिला प्रश्न आला, "सगळ्यात वाईट वॉर्ड कुठला?" मी वॉर्डांची क्रमवारी लावलीच नव्हती. एका वॉर्डाने वर्षभरात एकही घटना कळवली नव्हती, थोडक्यात टळलेलीसुद्धा नाही. वृद्ध रुग्णांनी भरलेल्या वॉर्डात असं होत नाही. तिथे दर शून्य न लिहिता 'अहवाल येत नाहीत' असं लिहिलं. मॅट्रन मॅडम म्हणाल्या, "हे माझ्याकडे सोडा. पण तिथल्या सिस्टरना आधी सांगते, लिहिलं म्हणून कुणाला रागावणार नाही."

सुचवण्या दोनच केल्या. जास्त धोक्याच्या रुग्णांना पहाटे 4 च्या सुमारास स्वतःहून विचारून शौचालयाला नेणं, आणि शस्त्रक्रिया किंवा औषधबदलानंतर मॉर्स स्कोअर पुन्हा काढणं. 'स्टाफचं प्रशिक्षण' मुद्दाम घातलं नाही. ते तर जवळजवळ प्रत्येक अहवालाच्या शेवटी आधीच लिहिलेलं होतं, आणि घटना होतच होत्या. संध्याकाळच्या लघवीच्या औषधाची वेळ अलीकडे आणता येईल का, हा प्रश्न फिजिशियनांकडे दिला; ते ठरवणं माझं काम नाही.

पुढच्या सहा महिन्यांत पहाटेच्या घटनांसोबत एकूण अहवालांची संख्याही पाहणार आहे. दोन्ही एकदम घटल्या, तर रुग्ण पडायचे थांबले की सिस्टर लिहायच्या थांबल्या, हे आधी तपासावं लागेल. अर्जात वेळेचा रकाना सक्तीचा झालाय, आणि 'इतर' निवडलं तर खाली 'रुग्ण जमिनीवर आला का?' असा प्रश्न येतो.