पाच विहिरी, वीस खांब आणि दादांना लिहिलेली चिठ्ठी

आमचं ऑफिस अंबाजोगाईत, काम तालुक्यातल्या पाच गावांत. प्रत्येक गावातली एक जुनी विहीर धरलेली आहे आणि वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात, तिच्यातलं पाणी किती खोल गेलं ते मोजायचं. हे मोजमाप आमचे दादा करतात. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, अकरा वर्षं हेच काम. कठड्यावरून टेप सोडायचा, आकडा घ्यायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची. त्यांचा आकडा चुकलेला मी तरी पाहिला नाही.

यंदा ग्रामसभेत लोकांच्या हातात एक पान द्यायचं ठरलं आणि दादा म्हणाले, तक्ता मीच करतो. दोन रात्री बसून त्यांनी एक्सेलमध्ये तो केला आणि मला पाठवला. खाली एक ओळ: "ताई, बघून सांगा. कमी-जास्त असंल तर बिनधास्त सांगा."

उघडला आणि दोन मिनिटं नुसती बघत बसले. चार महिन्यांचे चार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यात पाच गावांचे पाच खांब, असे वीस खांब. तेही `3-D Clustered Column`, म्हणजे तिरके उभे. लाल, जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, प्रत्येक रंग वर गडद आणि खाली फिका होत गेलेला, खाली सावली. मागे विहिरीचा फोटो. त्यावर आडव्या रेघा, मोठ्या दर एक मीटरला आणि बारीक दर वीस सेंटिमीटरला, म्हणजे शून्यापासून दहापर्यंत मोजून एक्कावन्न. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोन दशांशांचा आकडा, ते आकडे एकमेकांवर चढलेले. कोपऱ्यात पाण्याचा थेंब.

पहिली चिठ्ठी मी रागानं नाही, पण घाईनं लिहिली. "रंग कमी करा. सावली काढा. बारीक रेघा काढा. फोटो काढा. थेंब काढा." अशा अकरा ओळी झाल्या. पाठवायच्या आधी वाचली तर सगळीकडे नुसतं काढा, काढा. काढून झाल्यावर काय राहायला हवं, याबद्दल एक अक्षर नाही. दादांनी अकराच्या अकरा गोष्टी काढल्या असत्या, कुरकुर केली नसती, आणि तक्ता तरीही काहीच सांगत नसता. पुसून टाकली.

मग चिठ्ठी बाजूला ठेवली आणि त्यांचे मूळ आकडे घेऊन बसले. मे महिन्यात पाचही विहिरी 8.9 ते 9.4 मीटरच्या मध्ये होत्या, सगळ्या जवळपास सारख्याच कोरड्या. ऑक्टोबरातही सारख्याच, दोन-सव्वादोन मीटरवर. फरक होता तो जानेवारीत. चार गावांत पाणी चार मीटरच्या आसपास होतं आणि वरच्या अंगाच्या गावात 7.4 मीटर. त्या गावात ऊस जास्त, बोअर जास्त. पाणी उन्हाळ्यात संपतं असं गाव म्हणतं, पण त्या विहिरीचं पाणी थंडीतच उपसलं गेलं होतं. ग्रामसभेत बोलायचं तर एवढं एकच बोलायचं होतं, आणि वीस खांबांत ते कुठंच दिसत नव्हतं. जानेवारीच्या गठ्ठ्यात लाल खांब उंच होता, पण मेच्या गठ्ठ्यात पाचही त्याहून उंच होते, त्यामुळं डोळा थेट मेकडंच जायचा. शिवाय एका गावाचा प्रवास बघायचा तर लाल, मग चार खांब सोडून पुन्हा लाल, अशा उड्या माराव्या लागायच्या.

आणखी एक भानगड होती. खांब उंच म्हणजे पाणी खोल. माणसाला उंच खांब दिसला की तो जास्त पाणी समजणार. आमच्याच ऑफिसच्या शिपाईमामांना दाखवला तर म्हणाले, "मे महिन्यात बरंच पाणी हाय की!"

दुसऱ्या चिठ्ठीत मी सुरुवात या जानेवारीच्या आकड्यापासून केली. जशीच्या तशी देते:

"दादा, तुमचे आकडे मी दोनदा पाहिले. जानेवारीत वरच्या गावाचं पाणी 7.4 वर आणि बाकीच्यांचं चारच्या आसपास, ही गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला कळली नसती. पान हातात घेतल्या घेतल्या माणसाला हीच दिसायला पाहिजे. आत्ता ती दिसत नाही. का, ते तीन गोष्टींत सांगते. पटलं नाही तर भांडा."

पहिली गोष्ट तिरक्या खांबांची. हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून मी पान छापलं आणि पट्टी लावली. 7.4 चा खांब मागच्या भिंतीवरच्या सातच्या रेघेलाही पोचत नव्हता. एक्सेलमध्ये असा खांब मागच्या भिंतीला चिकटलेला नसतो, तो थोडा पुढं उभा असतो. रेघा मात्र भिंतीवर. आपण वरून तिरकं बघतो म्हणून खांबाचं डोकं आपल्या रेघेच्या खाली दिसतं. आकडा बरोबर आणि चित्र खोटं. म्हणून तर दादांना प्रत्येक खांबावर आकडा लिहावा लागला होता, आणि आकडे गर्दीत नीट दिसेनात म्हणून बारीक रेघा वाढवाव्या लागल्या होत्या. एकाचं दुखणं झाकायला दुसरं, असं ते वाढत गेलेलं. खांब सपाट केले की यातलं निम्मं आपोआप गळतं.

दुसरी गोष्ट झेरॉक्सची. ग्रामसभेत रंगीत पानं वाटायला आपल्याकडं पैसे नाहीत, काळ्या-पांढऱ्या प्रतीच निघणार. रंगाचा करडा होताना त्याची उजळता साधारण अशी मोजतात:

```
0.299*R + 0.587*G + 0.114*B
```

R, G, B म्हणजे रंगातला लाल, हिरवा आणि निळा वाटा. शून्य म्हणजे काळा, 255 म्हणजे कोरा कागद. दादांनी एक्सेलचे तयार रंग घेतले होते. लाल येतो 76, जांभळा 80, निळा 88. म्हणजे तीन गावं एकाच करड्यात. हिरवा 112 म्हणजे थोडा वेगळा, आणि पिवळा 226 म्हणजे कागदातच विरघळलेला. हा हिशोब मी चिठ्ठीत लिहिला नाही. मोंढ्याजवळच्या दुकानात जाऊन त्यांच्याच पानाची एक झेरॉक्स काढली आणि चिठ्ठीला टाचली. लाल गाव कोणतं ते त्या प्रतीवर मलाही सांगता येईना.

तिसरी गोष्ट म्हणून सुचवलं की खांबांऐवजी रेघा काढू. पाच गावांच्या पाच रेघा, चार करड्या बारीक आणि वरच्या गावाची एक काळी जाड. गावाचं नाव रेघेच्या टोकालाच लिहायचं, म्हणजे कोपऱ्यातली रंगांची यादी लागत नाही. उभ्या अक्षाला `Values in reverse order` लावायचं, म्हणजे शून्य वर येतं आणि महिन्यांची ओळही वरच जाते. तीच जमीन समजायची, आणि पाणी तिच्याखाली उतरताना दिसतं. आडव्या रेघा दोनच, पाच आणि दहा मीटरला, फिकट. दशांश एकच ठेवायचा, आणि आकडा फक्त जानेवारीच्या त्या एका ठिकाणी. दोन दशांशांचे आकडे वहीत राहू द्या, ती वही सोन्यासारखी आहे, हेही लिहिलं. नमुना म्हणून माझं चित्र जोडलं.

थेंबाबद्दल आणि फोटोबद्दल काही लिहिलं नाही. रेघांचं पटलं तर ते आपोआप सुटणार होतं, आणि नाही पटलं तर थेंबावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच टेबलापाशी आले. झेरॉक्स हातात. "ह्ये बरं केलं ताई. म्या ह्याचा इचारच नव्हता केला." मग थोडं थांबून म्हणाले, "पण रंग कामून दिले ते तर इचारलंच न्हाई तुमी."

खरंच विचारलं नव्हतं. विहिरीच्या कठड्यावर मोजायच्या जागी ते ऑइलपेंटची खूण करतात, दर वेळी टेप तिथूनच सोडायचा म्हणून. प्रत्येक गावाचा रंग वेगळा, वहीतही त्याच रंगाचा पेन. वरच्या गावाची खूण लाल. मी ज्याला हौस समजले होते ती त्यांची नोंदीची पद्धत होती. पिवळाही त्यातूनच आलेला, पाचवा डबा तोच शिल्लक होता. ग्रामसभेतल्या माणसाला त्या खुणा माहीत नाहीत, त्याला गावाचं नाव पुरे, एवढं त्यांनाही पटलं. पण ऑफिसच्या तक्त्यात रंग राहतील, असं ठरलं. सावली कशासाठी, ते मात्र विचारल्यावर हसले. मागं एकदा एका साहेबांनी त्यांचा तक्ता "फिका दिसतो" म्हणून बाजूला सारला होता.

मग त्यांनी माझ्या नमुन्यावर बोट ठेवलं.

"ऑक्टोबर ते जानेवारी तीन महिने. जानेवारी ते मार्च दोन. मार्च ते मे दोन. तुमच्या चित्रात सगळं अंतर सारकंच कसं?"

मी बघितलं आणि गप्प झाले. महिन्यांची नावं मी नुसते शब्द म्हणून टाकली होती, आणि एक्सेल शब्दांमध्ये सारखंच अंतर सोडतं. त्यामुळं तीन महिन्यांचा उतार दोन महिन्यांच्या जागेत कोंबला गेला होता आणि वरच्या गावाची रेघ होती त्याहून खडी दिसत होती. त्यांच्या खांबांना खोटं म्हणणाऱ्या माझ्या चित्रातच लबाडी निघाली, तीही माझ्या मुद्द्याच्या बाजूची. ग्रामसभेत ऊसवाल्यांपैकी एखाद्यानं हे धरलं असतं तर पुढचं सगळं ऐकूनच घेतलं नसतं.

दुरुस्ती सोपी होती. महिन्याच्या नावाऐवजी मोजल्याची खरी तारीख टाकली आणि अक्षाच्या सेटिंगमध्ये `Date axis` निवडलं. तारखा दादांच्या वहीत होत्याच. रेघ थोडी निवळली, पण गोष्ट तीच राहिली. वरच्या गावात ऑक्टोबरच्या 2.1 वरून जानेवारीच्या 7.4 पर्यंत, म्हणजे तीन महिन्यांत 5.3 मीटर, महिन्याला पावणेदोन मीटरच्या वर. बाकी गावांत तेवढ्याच काळात दीड ते दोन मीटर.

शेवटचं पान दादांनीच केलं. मी फक्त करड्या रेघा थोड्या गडद करायला सांगितल्या, पहिल्या झेरॉक्समध्ये त्या तुटक येत होत्या. दुसऱ्या खेपेला नीट आल्या. शिपाईमामांना पुन्हा दाखवलं तर त्यांनी काळ्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ह्ये गाव संक्रांतीलाच वाळलं का?"

साठ प्रती काढल्या. थेंब दादांनी पानामागं छापला, आणि त्याबद्दल मी काही बोलले नाही.