दिल्ली–मुंबई, पावसाळा आणि 200 किलो इंधन

विमानात किती इंधन भरायचं हे पायलट ठरवतो असं मला बरीच वर्षं वाटायचं. शेवटचा शब्द त्याचाच असतो हे खरं, पण आकडा त्याच्यासमोर येतो तो आमच्याकडून. मी एका विमान कंपनीच्या कंट्रोल सेंटरमध्ये फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान उडायच्या काही तास आधी त्याचा मार्ग, उंची, हवामान, वजन आणि इंधन यांचा प्लॅन आम्ही करतो. त्यावर आमची सही होते आणि मग कॅप्टनची. ही सही करण्याची परवानगी मिळण्याआधी वर्गातलं शिक्षण, मग सीनियरच्या शेजारी बसून केलेले प्लॅन आणि शेवटी तोंडी परीक्षा असा क्रम असतो. यातला मधला टप्पा सगळ्यात जास्त शिकवतो. त्या टप्प्यात मी केलेल्या एका प्लॅनची ही हकिगत.

जुलै महिना, संध्याकाळी पाचची दिल्ली–मुंबई फ्लाइट, विमान एअरबस ए320 निओ. शेजारी बसलेल्या मॅडमनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाल्या, "तू कर, मी बघते."

सॉफ्टवेअर आकडे काढून देतं, पण कुठला आकडा कशासाठी आहे हे माहीत नसेल तर त्या कागदाचा उपयोग नाही. दिल्लीच्या गेटपासून धावपट्टीपर्यंत जायला 200 किलो. (इंधन आम्ही लिटरमध्ये मोजत नाही, किलोत मोजतो. तापमानाप्रमाणे लिटर कमीजास्त होतो, आणि विमानाला वजनाशी मतलब असतो.) उड्डाणापासून मुंबईत चाकं टेकेपर्यंतचं ट्रिप फ्युएल 4,200 किलो. इथपर्यंत कोणालाही समजतं. खरी गंमत पुढच्या तीन ओळींत आहे.

पहिली ओळ कंटिन्जन्सीची. ट्रिप फ्युएलच्या 5 टक्के, किंवा मुक्कामाच्या विमानतळावर 1,500 फुटांवर 5 मिनिटं घिरट्या घालायला लागेल तेवढं, यातलं जे जास्त असेल ते. आमचं विमान घिरट्यांमध्ये मिनिटाला साधारण 35 किलो खातं, म्हणजे 5 मिनिटांचे 175. ट्रिपचे 5 टक्के 210 होतात, म्हणून 210. हे इंधन आधी कळू न शकणाऱ्या गोष्टींसाठी असतं. वारा अंदाजापेक्षा उलटा निघाला, हवी ती उंची मिळाली नाही, ढग टाळायला वळसा घ्यावा लागला. जी अडचण प्लॅन करतानाच समोर दिसते आहे, ती या 210 किलोंत बसवायची नाही. तिच्यासाठी वेगळं इंधन घ्यायचं आणि कारण लिहायचं. मॅडमनी हे मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की माझं पाठ झालं होतं.

दुसरी ओळ अल्टरनेटची. मुंबईत उतरता आलं नाही तर तिथून पुन्हा वर चढून दुसऱ्या विमानतळावर जाऊन उतरायला लागणारं इंधन. अल्टरनेट म्हणून अहमदाबाद धरलं, 1,600 किलो. जवळचा विमानतळ निवडला की हा आकडा खाली येतो. पण जवळ म्हणजे बहुतेक वेळा तेच हवामान, आणि मुंबई ज्या पावसाने बंद पडेल त्याच पावसात अल्टरनेटही असेल तर त्याला अल्टरनेट म्हणण्यात अर्थ नाही.

तिसरी ओळ फायनल रिझर्व्हची: अल्टरनेटवर पोचल्यावर 1,500 फुटांवर 30 मिनिटं उडता येईल एवढं. 35 गुणिले 30, म्हणजे 1,050 किलो. ते वापरायचं असं कुठल्याच प्लॅनमध्ये धरायचं नसतं, उतरताना ते टाकीत शिल्लकच असलं पाहिजे. आता विमानतळ बदलणं किंवा जास्त थांबणं परवडणार नाही अशी वेळ आली की पायलट कंट्रोलरला 'मिनिमम फ्युएल' कळवतो. ती आणीबाणी नसते, पूर्वसूचना असते. उतरताना फायनल रिझर्व्हपेक्षा कमी उरणार हे गणितात दिसलं, की मात्र 'मेडे फ्युएल' म्हणावंच लागतं. टाकीत अजून अर्ध्या तासाचं इंधन असताना मेडे का, असं बाहेरच्यांना वाटतं. इंधन संपत आल्यावर मेडे देऊन काय उपयोग?

माझ्या तोंडी परीक्षेत याच मुद्द्यावर 2016 चा कोलंबियातला अपघात निघाला. 28 नोव्हेंबरला बोलिव्हियातल्या सांताक्रूझहून मेदेयीनला निघालेलं, ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल संघाला नेणारं विमान विमानतळाजवळ येऊन इंधन संपल्यामुळे डोंगरात कोसळलं. 71 माणसं गेली. त्याच्या फ्लाइट प्लॅनमध्ये प्रवासाचा वेळ 4 तास 22 मिनिटं लिहिला होता आणि टाकीतलं इंधन किती वेळ पुरेल त्या रकान्यातही 4 तास 22 मिनिटंच. परीक्षकांनी मला दोन्ही रकाने दाखवून विचारलं, यात काय नाही? कंटिन्जन्सी नाही, अल्टरनेट नाही, फायनल रिझर्व्ह नाही. वरच्या तिन्ही ओळी कोऱ्या. प्लॅन हातात आला की तेव्हापासून माझी नजर आधी या दोन रकान्यांवर जाते.

तर दिल्ली–मुंबई. मुंबईच्या हवामान अंदाजात आमच्या पोचण्याच्या वेळेसाठी ही ओळ होती:

```
TEMPO 0812/0816 1500 TSRA FEW025CB
```

म्हणजे 8 तारखेला 12 ते 16 यूटीसी, आपल्या साडेपाच ते साडेनऊच्या दरम्यान, अधूनमधून गडगडाटी पाऊस आणि दृश्यमानता 1,500 मीटर. आम्ही सातच्या सुमाराला पोचणार. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. एखादी जोराची सर येऊन गेली की त्या वेळात न उतरलेली विमानं आकाशात रांग लावतात. हे मला दिसत होतं, म्हणून ते कंटिन्जन्सीवर सोडणं शक्य नव्हतं. 20 मिनिटांच्या घिरट्यांचे 700 किलो मी वेगळे धरले आणि कारणाच्या जागी हवामान लिहिलं. एकूण झाले 7,960.

कॅप्टनचा फोन आला. त्यांना अजून 1,000 किलो हवे होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: मुंबई बंद झाली की सगळ्यांचा मोर्चा अहमदाबादकडे वळतो, तिथे पार्किंग भरतं, तिथेही थांबावं लागतं.

अडचण वजनाची होती. या विमानाची उतरतानाची कमाल वजनमर्यादा 67.4 टन. त्या दिवशी विमान खच्चून भरलेलं होतं, पोटात मालही होता, त्यामुळे इंधनाशिवायचं वजनच 63.6 टन. घिरट्या घालाव्याच लागल्या नाहीत, सरळ उतरायला मिळालं, तर टाकीत 210, 1,600, 1,050 आणि 700 मिळून 3,560 किलो शिल्लक असणार. म्हणजे उतरताना 67.16 टन. मर्यादेपर्यंत जागा उरली 240 किलोंची. अजून 1,000 किलो घेतले तर 760 किलो माल दिल्लीतच उतरवावा लागेल. वर ओली धावपट्टी, आणि वजन वाढलं की थांबायला लागणारं अंतरही वाढतं. जास्त इंधन म्हणजे जास्त सुरक्षितता हे समीकरण इथे अडतं.

मी कॅप्टनना हे सांगितलं, आणि सोबत दुसरी गोष्ट सुचवली: 200 किलो वाढवू, साधारण 6 मिनिटं मिळतील, आणि मुंबई सोडायचा आकडा आत्ताच ठरवून ठेवू. अल्टरनेट अधिक फायनल रिझर्व्ह, 2,650 किलो. टाकी तिथे पोचली की अजून दोन मिनिटं बघू म्हणायचं नाही, अहमदाबादकडे वळायचं. तिथल्या पार्किंगवर मी लक्ष ठेवतो आणि भरत आलं तर विमानात निरोप पाठवतो. कॅप्टन थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठीक आहे, 8,160 करा." त्यांनी 1,000 चाच आग्रह धरला असता तर मला माल उतरवण्याचा निरोप द्यावाच लागला असता. तो अधिकार त्यांचा आहे, आणि तो त्यांच्याकडेच असावा असं मला मनापासून वाटतं.

माल राहिला नसता तरी ते 1,000 किलो फुकट नव्हते. जड विमान जास्त इंधन खातं. या अंतरावर एक टन जास्तीचं इंधन नुसतं वाहून नेण्यात साधारण 50 किलो जळतात. ते 63 लिटरच्या आसपास होतात. लिटरला 90 रुपये धरा, साडेपाच हजारांच्या वर जातात. एका फ्लाइटला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण रोज 100 फ्लाइटमध्ये सवयीने एकेक टन 'असू दे' म्हणून टाकला तर वर्षाला 20 कोटींच्या पुढे जातं आणि बदल्यात काहीच मिळत नाही, कारण कोरड्या स्वच्छ दिवशी तो टन गेला तसाच परत येतो. उलट पावसात 200 किलो कमी पडून विमान अहमदाबादला गेलं तर तिथलं लँडिंग शुल्क, परतीचं इंधन, क्रूची संपत आलेली ड्यूटी आणि पुढच्या फ्लाइटचा उशीर यांत त्या वाचवलेल्या पैशांचा पत्ताही लागत नाही.

कधीकधी मुद्दाम जास्त इंधन भरतात, त्याला टँकरिंग म्हणतात. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, त्यामुळे विमानतळागणिक भाव बदलतो. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो 25 वरून 18 टक्के केला, तेव्हा अशी बरीच गणितं फिरली असणार. स्वस्त ठिकाणी परतीचंही इंधन भरायचं, पण वाहून नेताना जे जळेल ते भावातल्या फरकापेक्षा कमी असलं तरच. पावसाळ्यात मुंबईकडे येताना हा विचार आम्ही सहसा करत नाही, कारण तेच उतरतानाचं वजन.

फ्लाइट वेळेवर निघाली. राजस्थानवर ढग टाळायला वळसा घ्यावा लागला, त्यात कंटिन्जन्सीतले 130 किलो गेले. मुंबईवर 22 मिनिटं थांबावं लागलं, 770 किलो. विमान उतरलं तेव्हा टाकीत 2,860 किलो होते, ठरवलेल्या आकड्याच्या 210 वर. वाढवलेले 200 नसते तर मुंबई सोडायच्या आकड्यापासून ते फक्त 10 किलोंवर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी जादा इंधनाच्या अहवालात ती फ्लाइट लाल रंगात आली: 900 किलो जास्त, खुलासा द्या. मी हवामानाची ती एक ओळ चिकटवली आणि खाली घिरट्यांची 22 मिनिटं लिहिली. मॅडमनी वाचलं, माझ्या ट्रेनिंग लॉगवर सही केली आणि पुढची फ्लाइट माझ्याकडे सरकवली. तीही मुंबईचीच होती.