ऊर्जेची वाट फटीच्या कडेने

"सर, तार तर प्लेटच्या मधोमध जोडलेली असते. मग कपॅसिटरमध्ये ऊर्जा कडेने शिरते असं तुम्ही का म्हणता?"

नौपाड्यातल्या माझ्या क्लासमध्ये याच्यासाठी दोन स्टीलच्या ताटल्या ठेवल्या आहेत, जांभळी नाक्यावरून आणलेल्या. सपाट बूड, २० सेंटिमीटर व्यास. बुडाला बूड लावून, मध्ये प्लास्टिकचे तीन तुकडे सरकवून ५ मिलिमीटरची फट राखली आहे. तार वरच्या ताटलीच्या मधोमध येते आणि खालच्या ताटलीच्या मधोमधून निघते. वरची धन, खालची ऋण असं धरू.

आता फटीत विद्युत क्षेत्र E वरून सरळ खाली, म्हणजे प्लेटला काटकोनात. पॉइंटिंगने १८८४ मध्ये दाखवलं की एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला वाहणारी ऊर्जा S = E × B / μ₀ इतकी असते. क्रॉस प्रॉडक्ट हा E ला नेहमी काटकोनात. E जर प्लेटला काटकोनात उभा असेल, तर S ला प्लेटच्या समांतरच वाहावं लागतं. प्लेटमधून फटीत उतरणं त्याला शक्यच नाही. वरचं दार बंद, खालचंही बंद. उरते ती फक्त कड.

इथे मुलं अडतात ती B पाशी. फटीतून एकही इलेक्ट्रॉन जात नाही, मग चुंबकीय क्षेत्र B कुठलं? B शून्य धरलं की S शून्य, आणि चार्ज होणाऱ्या कपॅसिटरमध्ये ऊर्जा येतच नाही असं उत्तर निघतं. ते चुकलंय हे लगेच कळतं, कारण व्होल्टेज तर वाढतंय. मॅक्सवेलने सांगितलेली गोष्ट इथे लागते: बदलतं विद्युत क्षेत्रही आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतं. फटीतलं E वाढतंय, म्हणून कडेपाशी B भरतो μ₀I/2πa, तारेपासून तेवढ्याच अंतरावर भरला असता तेवढाच. इथे a म्हणजे प्लेटची त्रिज्या.

दिशा हातावर पाहा. ताटल्यांसमोर उभे राहा आणि उजवा हात सरळ खाली लोंबू द्या, तळवा मांडीकडे. बोटं खाली रोखलेली आहेत, ते E. बोटं मिटली की ती डावीकडे वळतात. तुमच्या समोरच्या कडेपाशी B डावीकडेच आहे. अंगठा म्हणजे S, ऊर्जेची दिशा. तो कुठे आहे? पुढे, फटीच्या आत. टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने उभे राहा, अंगठा पुन्हा आतच. चारी बाजूंनी आत.

आता आकडे घालू. करंट सतत १ मायक्रोअँपिअर, आणि व्होल्टेज १००० पर्यंत चढलंय तो क्षण. E झालं मीटरला २ लाख व्होल्ट. कडेपाशी B अवघं एका टेस्लाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या दुप्पट. तरी S येतो चौरस मीटरला सुमारे ०.३२ वॅट. फटीच्या कडेचं क्षेत्रफळ ०.००३१४ चौरस मीटर. गुणलं की १ मिलीवॅट. आणि सर्किटच्या बाजूने VI काढलं तर १००० गुणिले १ मायक्रोअँपिअर, तेही १ मिलीवॅटच. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी आले की वर्गात शांतता पसरते. मला तो क्षण फार आवडतो.

कुणीतरी मग विचारतं की मधोमध B शून्य, S शून्य, तर मधली जागा रिकामी राहते का? नाही. अर्ध्या त्रिज्येवर B निम्मं, परीघही निम्मा, म्हणून तिथून आत जाणारी ऊर्जा पाव. आणि त्या वर्तुळाच्या आतली जागाही पावच. वाटेत जो तो भाग आपला वाटा ठेवून घेतो, त्यामुळे सगळीकडे सारखंच भरतं.

½CV² मधला अर्धाही इथेच दिसतो. सुरुवातीला करंट आहे, B आहे, पण E शून्य, म्हणून आत काहीच येत नाही. व्होल्टेज चढेल तसा ओघ वाढतो. ताटल्यांची धारिता सुमारे ५५.६ पिकोफॅरड, १००० व्होल्टला पोचायला लागतात ५५.६ मिलिसेकंद, सरासरी ओघ अर्धा मिलीवॅट. जमा झाले सुमारे २८ मायक्रोज्यूल, ½CV² ने येतात तेवढेच.

हे सगळं जमतं ते फट त्रिज्येच्या मानाने अरुंद आहे म्हणून. कडेला E थोडं बाहेर फुगतं, ते सोडून दिलंय. शिवाय चार्जिंग सावकाश हवं. प्रकाशाला १० सेंटिमीटर जायला नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आपल्याला ५५ मिलिसेकंद लागले, म्हणून निर्धास्त. करंट नॅनोसेकंदाच्या घरात उलटसुलट करायला लागलो तर फटीतलं E सगळीकडे सारखं राहत नाही आणि हा हिशेब मोडतो.

आणि डिस्चार्ज? E अजून खालीच, पण आता ते कमी होतंय, म्हणून B उजवीकडे वळतं. हात तसाच लोंबता ठेवून तळवा बाहेर फिरवा. अंगठा तुमच्याकडे मागे वळला, ऊर्जा त्याच कडेने बाहेर निघाली.